त्वचेची ओळख – लेखांक ६ : फेस कशाचा आहे?

हळदीचा डाग पडलेला कपडा साबणाने धुवायला घेतला की पिवळा डाग क्षणात तांबडा होतो. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेलं आहे. हळदीतलं पिवळं द्रव्य अल्कलीच्या सहवासात लाल होतं आणि साबण अल्कधर्मी असतो, एवढंच त्यामागचं कारण. हाच डाग तेलकट आणि पुटकुळ्यांच्या चेहऱ्यासाठी फेसवॉश निवडताना फार उपयोगी पडतो. ट्यूबवर ‘जेंटल’ लिहिलेलं असो की ‘नॅचरल’, आतला फेस साबणाचा आहे की नाही हे हळद दोन मिनिटांत सांगते. ती परीक्षा कशी घ्यायची ते पुढे येईलच. आधी ती कशासाठी घ्यायची ते पाहू.

मागच्या लेखांकात तेलग्रंथींबद्दल लिहिलं होतं. चेहऱ्यावर किती तेल यायचं हे मुख्यतः शरीरातली संप्रेरकं ठरवतात, आणि त्यात हवेतल्या उष्म्याची भर पडते. त्वचेचं तापमान एका अंशाने वाढलं की तेल स्रवण्याचा वेग साधारण दहा टक्क्यांनी वाढतो, हे १९७० साली इंग्लंडमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी मोजून दाखवलं. आता खारदांड्याची हवा डोळ्यांपुढे आणा. समोर समुद्र, हवेत बारमाही दमटपणा, कोळीवाड्यातली एकमेकांना खेटून उभी घरं, आणि उन्हात मासळी वाळत घालण्याचं काम. तिथल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा चेहरा दुपारी बारापर्यंत चकाकू लागला तर त्यात आजार काही नाही. त्या वयात, त्या हवेत, तसंच व्हायचं. बिघाड सुरू होतो तो त्या चकाकीवर दिवसातून चार-पाच वेळा साबण घासल्यावर.

कारण चेहऱ्यावर दोन वेगवेगळ्या जातीचा स्निग्धांश असतो, आणि दोन्ही एकच समजण्यात सगळी गल्लत आहे. एक म्हणजे ग्रंथींतून वर येणारं तेल, म्हणजे सीबम. ते पृष्ठभागावर पसरतं, चकाकतं, पुसलं तर टिपकागदावर डाग पाडतं, आणि धुतल्यावर काही तासांत परत येतं. दुसरा स्निग्धांश दिसत नाही. त्वचेच्या सर्वांत वरच्या, कागदाहून पातळ थरात मृत पेशी एकावर एक रचलेल्या असतात, आणि त्यांच्या फटींत सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्लं भरलेली असतात, भिंतीत विटांमध्ये चुना भरावा तशी. त्वचेचं कवच ते हेच. आतलं पाणी उडू न देणं आणि बाहेरचं झोंबणारं काही आत न येऊ देणं, ही दोन्ही कामं ते करतं. हा माल तेलग्रंथी बनवत नाहीत, त्वचेच्या पेशी बनवतात. तो धुऊन निघाला तर काही तासांत भरून येत नाही, त्याला दिवस लागतात. कडक साबणाला मात्र या दोहोंतला फरक कळत नाही. वरचं तेल काढता काढता तो खालचा मसालाही थोडाथोडा उपसतो.

म्हणूनच तेलकट त्वचा एकाच वेळी तेलकट आणि कोरडी असू शकते. कपाळ चकाकतंय आणि नाकपुड्यांच्या कडेला पापुद्रे सुटतायत, असे चेहरे मुंबईत सर्रास दिसतात. अशा चेहऱ्याची व्यक्ती सहसा तेलावरच लक्ष ठेवते आणि आणखी जोराचं काहीतरी शोधते. मग पुटकुळ्यांचं औषध लावलं की आग होते, औषध सोडून दिलं जातं, आणि पुटकुळ्या तशाच राहतात. कवच तुटल्याचा सर्वांत मोठा तोटा मला हाच वाटतो. ज्या औषधाने खरोखर गुण येणार असतो, ते सोसण्याची ताकदच चेहऱ्यात उरत नाही.

‘जास्त धुतलं की ग्रंथी चिडून जास्त तेल काढतात’ असंही खूपदा सांगितलं जातं. त्याला आधार नाही. वर किती तेल शिल्लक आहे हे पाहून ग्रंथी आपला वेग ठरवत नाही. ती तिच्या वेगाने चालू असते, धुतलेल्या चेहऱ्यावर तेल पुन्हा जाणवतं इतकंच. जास्त धुणं वाईट आहे ते कवचासाठी.

आता साबणाकडे वळू. तेल किंवा चरबी कॉस्टिकबरोबर शिजवली की साबण होतो. असा खरा साबण, कितीही महाग असला तरी, पाण्यात नऊ ते दहाच्या आसपास पीएच दाखवतो. तो त्याचा स्वभावच आहे. त्यात आम्ल घालून पीएच साडेपाचवर आणायला गेलात तर साबण फुटतो आणि मेदाम्लं वेगळी होतात. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग मात्र किंचित आम्ल असतो, साधारण साडेचार ते साडेपाच. पीएचच्या मोजपट्टीवर एकेक पायरी दहापटीची असते, त्यामुळे पाच आणि दहा यांतलं अंतर एक लाख पटींचं आहे. साबण लागला की वरचा थर फुगतो, त्यातली प्रथिनं सैल होतात, आणि धुतल्यावर तो सुकत आकसतो. चेहरा ‘ताणल्यासारखा’ लागतो तो या आकसण्यामुळे. पुष्कळ जण त्या ताणालाच स्वच्छता समजतात. शिवाय सेरामाइड तयार करणारी त्वचेतली विकरं आम्ल वातावरणातच नीट काम करतात. साबणानंतर पीएच पूर्ववत व्हायला तास लागतात, आणि दर दोन तासांनी साबण लागत राहिला तर त्यांना कामाला वेळच मिळत नाही.

पुटकुळ्यांवर याचा परिणाम होतो का? १९९५ साली म्युनिकमधल्या संशोधकांनी तरुण मुलामुलींचे दोन गट केले. एकाला साबण दिला, दुसऱ्याला साडेपाच पीएचची साबणविरहित वडी. काही महिन्यांनी साबणाच्या गटात सुजलेल्या पुटकुळ्या वाढल्या होत्या आणि दुसऱ्या गटात कमी झाल्या होत्या. आपल्याकडे २०१४ मध्ये केरळच्या डॉक्टरांनी बाजारातले साबण तपासले, तेव्हा बहुतेकांचा पीएच नऊ ते दहा निघाला.

हा विषय मुंबईत एकदा थेट उच्च न्यायालयात पोचला. जानेवारी २०२१ मध्ये सेबामेड विकणाऱ्या मुंबईच्या यूएसव्ही कंपनीने जाहिरातींतून नावं घेऊन आकडे दिले : लक्स आणि पेअर्स दहा, डव्ह सात, आपली वडी साडेपाच. कपडे धुण्याच्या रिनचाही पीएच शेजारी मांडला. अंधेरीत मुख्यालय असलेली हिंदुस्तान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने साबणांशी तुलना चालू ठेवू दिली, रिनशी तुलना मात्र काढायला लावली. त्या काही आठवड्यांत ‘पीएच’ हा शब्द घराघरांत गेला, ही चांगली गोष्ट झाली. पण त्यातून एक अर्धवट समजही पसरला, की साडेपाच पीएच लिहिलेलं दिसलं म्हणजे काम झालं. तसं नाही. पीएच ही पहिली चाळणी आहे, दुसरी अजून बाकी आहे.

पहिली चाळणी आधी पूर्ण करू. आपण फेसवॉश घेतला म्हणजे साबण सुटला, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात दाट, पांढरा, मलईसारखा आणि भरपूर फेस देणाऱ्या बऱ्याच फेसवॉशमध्ये साबणच असतो, फक्त वडीऐवजी ट्यूबमध्ये. ट्यूबच्या पाठीमागची घटकांची यादी वाचा. भारतातल्या नियमानुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. पाण्यानंतर लगेच मिरिस्टिक, स्टिअरिक, लॉरिक किंवा पामिटिक अ‍ॅसिड अशी दोन-तीन नावं आणि त्यांच्या जवळपास पोटॅशियम हायड्रॉक्साइड दिसलं, तर कारखान्यात त्या डब्यातच साबण शिजवलेला आहे. पोटॅशियमचा साबण मऊ असतो म्हणून तो ट्यूबमधून पिळता येतो. वडीवर हेच सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नेलेट, सोडियम कोकोएट अशा नावांनी येतं. मात्र सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड यादीच्या अगदी शेवटी, सुगंधाच्या आसपास आलं असेल तर घाबरू नका. तिथे ते चिमूटभर, पीएच जुळवण्यापुरतं असतं. दुकानात लटकणाऱ्या छोट्या पाकिटांवर पूर्ण यादी असेलच असं नाही, त्यामुळे पहिल्यांदा घेताना मोठी ट्यूब हातात घेऊन वाचलेली बरी.

साबणाच्या वेष्टनावरच्या टीएफएम या आकड्यानेही इथे फसायला होतं. तो वडीत साबणाचा माल किती टक्के आहे ते सांगतो. ७६ टीएफएमची वडी भेसळ कमी म्हणून अंगाला चांगली, पण ती तेवढीच अस्सल साबण, म्हणजे तेवढीच अल्कधर्मी. उलट साबणविरहित सौम्य वडीचा टीएफएम कमी असतो, किंवा तिला तो आकडा लागूच पडत नाही. चेहऱ्यासाठी या आकड्याकडे पाहू नये.

यादी वाचायचा कंटाळा असेल तर हळद आहे. पांढऱ्या टिपकागदावर किंवा साध्या वहीच्या कागदावर हळदीची पातळ पेस्ट लावून सावलीत पूर्ण वाळवा, आणि सुटी पूड झटकून टाका. त्यावर आधी घरच्या नळाच्या पाण्याचा एक थेंब टाका. रंग बदलला नाही तर पुढे जा. मग वाटाण्याएवढा फेसवॉश चमचाभर पाण्यात कालवून त्याचा थेंब शेजारी टाका, आणि तुलनेसाठी तिसरा थेंब अंघोळीच्या साबणाच्या पाण्याचा. साबणाचा थेंब तांबूस होईल. फेसवॉशचाही झाला तर तो चेहऱ्यासाठी बाजूला ठेवा, हात धुवायला चालेल. पिवळा राहिला तर तो साबण नाही. पाण्याचा पहिला थेंब यासाठी, की किनाऱ्याजवळच्या बोअरचं किंवा टँकरचं पाणी कधीकधी स्वतःच किंचित अल्कधर्मी असतं आणि परीक्षा बिघडवतं. गर्द रंगाच्या जेलमध्ये लाली नीट दिसत नाही, तिथे यादीवरच भिस्त ठेवा.

पाण्याचा प्रश्न निघालाच आहे तर एक गोष्ट. महापालिकेचं तलावाचं पाणी मृदू असतं, त्यात साबण निदान धुऊन तरी जातो. बोअरच्या कठीण पाण्यात साबण आणि कॅल्शियम मिळून न विरघळणारी साय तयार होते, बादलीच्या कडेला जमते तीच. ती चेहऱ्यावरही राहते. ज्यांच्याकडे टँकरचं पाणी येतं त्यांनी तर चेहऱ्याला साबण अजिबात लावू नये.

आता दुसरी चाळणी. हळदीवर पिवळा राहिलेला फेसवॉशही कडक असू शकतो, कारण कवच उपसण्याचं काम पीएच एकटा करत नाही. ते फेस आणणारं द्रव्यही करतं. सोडियम लॉरिल सल्फेट याचं ठळक उदाहरण. प्रयोगशाळेत मुद्दाम त्वचा चिडवून पाहायची असते तेव्हा संशोधक हेच द्रव्य वापरतात. त्याचे कण लहान, ते त्वचेच्या प्रथिनांना चिकटतात आणि फटींत शिरतात. ते यादीत पाण्यानंतर पहिल्या क्रमांकावर असेल तर तो फेसवॉश रोजच्या वापरासाठी नको. नावात थोडाच फरक असलेलं सोडियम लॉरेथ सल्फेट त्याहून सौम्य आहे, विशेषतः त्याच्या जोडीला कोकॅमिडोप्रोपिल बीटेन असेल तर. दोन वेगळ्या जातींची द्रव्यं एकत्र आली की दोघांचा कडकपणा उतरतो. ‘सल्फेट-फ्री’ लिहिलेलंच घ्या असा माझा आग्रह म्हणूनच नाही. खिशाला परवडणारा, लॉरेथ आणि बीटेनच्या जोडीचा साधा जेल बऱ्याच तेलकट चेहऱ्यांना उत्तम चालतो. चेहरा आधीच सोललेला असेल, किंवा त्यावर पुटकुळ्यांचं औषध चालू असेल, तर आणखी मवाळ द्रव्यं शोधावीत : सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट, कोकॉइल ग्लायसिनेट, डेसिल किंवा कोको ग्लुकोसाइड. यांचा फेस कमी आणि मऊ असतो. फेस कमी म्हणजे सफाई कमी, असं मुळीच नाही.

मग सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं काय? ते तेलात विरघळतं, त्यामुळे छिद्रांत पोचून काळ्या ठिपक्यांचे बूच सैल करतं. फेसवॉशमध्ये ते साधारण अर्धा ते दोन टक्के असतं. पण फेसवॉश चेहऱ्यावर अर्धा-एक मिनिटच राहतो, म्हणून त्याचा उपयोग मर्यादित. काळे ठिपके आणि बारीक पुरळ जास्त असेल तर दिवसातून एकदा वापरायला हरकत नाही. बेन्झॉइल पेरॉक्साइडचा फेसवॉश पुटकुळ्यांतल्या जंतूंवर चालतो आणि सुजलेल्या लाल पुटकुळ्यांना त्याचा जास्त फायदा. तो एक-दोन मिनिटं ठेवून धुवायचा असतो, आणि रंगीत टॉवेल व उशीचे अभ्रे यांचा रंग उडवतो हे आधीच माहीत असावं. मात्र डॉक्टरांनी रात्री लावायला अ‍ॅडापलिन किंवा ट्रेटिनॉइन दिलं असेल, तर फेसवॉश साधाच ठेवा. औषध औषधाच्या जागी असू द्या. सगळीकडूनच मारा झाला की कवच पहिल्यांदा पडतं. दाणेदार स्क्रब, लिंबू आणि खायचा सोडा यांना पुटकुळ्यांच्या चेहऱ्यावर जागा नाही. कडुलिंब वा टी-ट्रीच्या नावावर फेसवॉश निवडू नये, आधी यादीतलं फेसाचं द्रव्य पाहावं.

हे सगळं एका चेहऱ्यावर लावून पाहू. समजा, दांड्यातली एक मुलगी. सकाळी आईला बोंबील वाळत घालायला मदत करते, मग तोंडाला ओढणी गुंडाळून दुचाकीवर मैत्रिणीच्या मागे बसून कॉलेजात जाते. कपाळावर बारीक पुरळ, गालांवर आठ-दहा सुजलेल्या पुटकुळ्या, नाकाच्या कडेला पापुद्रे. ती दिवसातून पाच वेळा चेहरा धुते : सकाळी आणि रात्री मलईदार फेसवॉश, मधे अंघोळीचा साबण, शिवाय आठवड्यातून दोनदा स्क्रब.

पहिले दोन आठवडे तिने औषधाला हात लावू नये. साबण आणि स्क्रब बंद. फेसवॉश हळदीवर तपासावा. तांबूस झाला, म्हणजे तो बदलून जेल घ्यावा लागणार. नव्या जेलने दिवसातून दोनदाच धुवायचं, एकदा मासळीचं काम आटोपल्यावर आणि एकदा संध्याकाळी घरी आल्यावर. आधी हात स्वच्छ करायचे, कारण मासळीचं खारं, तेलकट पाणी हातावर असतं. ओल्या चेहऱ्यावर वाटाण्याएवढा जेल बोटांच्या पेरांनी अर्धा मिनिट फिरवायचा. पाणी नळाचं, गरम नको. जबड्याच्या कडा आणि केसांची रेघ नीट धुवायची, फेस तिथेच अडकून राहतो. टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. त्यावर जेलसारखा हलका मॉइश्चरायझर. दुपारी घाम आला तर नुसतं पाणी, किंवा स्वच्छ रुमालाने टिपणं पुरे. दोनदा धुण्याचा हा आकडाही हवेतला नाही. अमेरिकेत २००६ साली तरुणांवर झालेल्या एका छोट्या चाचणीत दिवसातून दोनदा धुणाऱ्यांचे ठिपके कमी झाले, आणि चारदा धुऊन काही जास्तीचं मिळालं नाही.

निवड बरोबर आहे की नाही हे धुतल्यावर वीस मिनिटांनी कळतं. चेहऱ्याला काहीही न लावता थांबायचं आणि गाल फुगवून पाहायचा. ताण जाणवला, खाज आली किंवा हसताना तोंडाच्या कडा ओढल्यासारख्या वाटल्या, तर तो फेसवॉश तिच्यासाठी कडक. चेहरा मऊ वाटला आणि तेल तीन-चार तासांनी हळूहळू आलं, तर बरोबर. धुतल्या धुतल्या बोटाला निसरडा थर लागत असेल आणि ठिपके वाढत असतील, तर तो फार मवाळ, किंवा नीट धुतला जात नाही. दोन आठवड्यांत पापुद्रे जायला हवेत. ते गेले आणि मॉइश्चरायझर झोंबेनासा झाला, की मगच पुटकुळ्यांचं औषध सुरू करायचं, तेही आधी एक दिवसाआड. पुटकुळ्यांवर त्याचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, कारण आज दिसणारी पुटकुळी काही आठवड्यांपूर्वी छिद्र बुजलं तेव्हाच सुरू झालेली असते. ओढणी मात्र रोज धुतलेली हवी आणि सैल बांधलेली. गालांवर जिथे ती घासते तिथेच पुटकुळ्या दाटतात.

तिच्या कपाळावरच्या पुरळाचं कारण कदाचित फेसवॉशशी संबंधितच नसेल. केसांना चोपडलेलं तेल रात्री कपाळावर उतरतं आणि केसांच्या रेषेलगत एकसारखे बारीक दाणे उठवतं. १९७० मध्ये त्वचारोगतज्ज्ञांनी या प्रकाराला वेगळं नावही दिलं. तेल लावायचं तर धुण्याआधी तासभर, आणि कपाळापासून दोन बोटं मागे. दाणे एकाच मापाचे, खाजणारे, आणि पाठीवर-छातीवरही असतील तर ती बुरशी असू शकते. दमट हवेत ती फोफावते आणि तिला बुरशीवरचंच औषध लागतं. आणि मुलगी गोरं करणारं एखादं बिननावाचं क्रीम लावत असेल, तर तो प्रश्न फेसवॉशच्या आवाक्याबाहेरचा आहे. अशा क्रीममध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. लावल्यावर चेहरा गुळगुळीत होतो, थांबवल्यावर लाल होऊन पुटकुळ्यांनी भरतो, म्हणून ते सोडवत नाही. चेहऱ्यावर अशी लाली असेल, गालांत खोल, दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडत असतील, किंवा मुलीची पाळी अनियमित असून हनुवटीवर केस वाढत असतील, तर दुकानातल्या ट्यूबा बदलण्यात महिने घालवू नयेत. खारहून विलेपार्ल्याचं कूपर रुग्णालय जवळ आहे, तिथे त्वचारोग विभाग आहे. जाताना चेहऱ्याला सध्या जे जे लावलं जातं, त्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्याव्यात, यादीसकट.